मोंढ्यातल्या दोरखंडवाल्या काकांची मुलाखत: बोलण्यावर व्हिज्युअल्स कुठं टाकू आणि कुठं नको?

मोंढ्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. आमच्या परभणीत मोंढ्याच्या बाजूला बैलांच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या, झुली, घागरमाळा, पोळ्याचे गोंडे असं सगळं मिळतं. दुकान चालवणाऱ्या काकांची मी मागच्या आठवड्यात मुलाखत घेतली. २६ मिनिटं बोलले. मला त्याचा चार मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. दुकानातली वस्तूंची वगैरे १७ क्लिप्सही फोनवर काढल्यात.

अडचण अशी की नुसतं काकांचं बोलणं ऐकलं तर अंगावर काटा येतो आणि वर व्हिज्युअल्स टाकली की सगळं शाळेतल्या तक्त्यासारखं दिसतं. एक तुकडा लिहून देतो, त्यावरच सांगा. काका म्हणतात:

«वडील असताना पोळ्याच्या आधी आठ दिवस ह्या गाळ्यात उभं राहायला जागा नव्हती. अंबाडीचा वाख आणायचा, भिजवायचा, वळायचा. कासरा, दावं, वेसण, म्होरकी, सगळं हातचं. आता सगळं नायलॉन. आमच्याच गावात पन्नास जोड्या होत्या, आता चार राहिल्या. ट्रॅक्टरला कोण झूल घालतंय.»

मी काय केलं, तर पोळा म्हटलं की सजवलेल्या बैलाचा नेटवरचा फोटो. वाख म्हटलं की दोराचा क्लोजअप, त्याचा फोटो सोबत टाकलाय. कासरा म्हटलं की कासरा, दावं म्हटलं की दावं, एकेक सेकंद. शेवटी ट्रॅक्टर म्हटलं की रस्त्यावरचा ट्रॅक्टर. आणखी एक म्हणजे रिझॉल्व्ह ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप टाकली की काकांचं बोलणं मध्येच थांबतं, क्लिप संपली की पुढं चालू होतं. हे कामून होतंय तेही कळेना.

फ्रेम_टू_फ्रेम

भाऊ, सोप्पंय. लोक चेहरा फार वेळ बघत नाहीत. पाच सेकंदांपेक्षा जास्त चेहरा ठेवूच नको. बोलणं जिथं जिथं कापलंय तिथं जंप दिसतो, त्या प्रत्येक जागी व्हिज्युअल पायजेच. आणि सगळं स्लो मोशनमध्ये घे, एकदम सिनेमासारखं वाटतं. मी लग्नाचं शूट असंच करतो. १७ क्लिप्स कमी आहेत, किमान ६० तरी काढ.

गोदाकाठ

व्हिडिओत दुकानाचा पत्ता, भाव आणि फोन नंबर टाकायला विसरू नका. पोळ्याच्या आधी टाकला तर गिऱ्हाईक वाढेल. झुलीचे भाव खाली पट्टीवर फिरवता येतील.

मोंढ्याचा_पोरगा

@गोदाकाठ, जाहिरात नाही हो करायची. काकांचं बोलणं राहावं एवढंच आहे. पण नंबर टाकू का म्हणून त्यांना विचारतो.

शैला_एडिट_टेबल

आधी बोलणं थांबण्याचं सांगते, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. तू क्लिप F9 ने टाकतोयस. F9 म्हणजे इन्सर्ट. ते खालची बाईट, म्हणजे काकांच्या बोलण्याची क्लिप, फाडून मधे जागा करतं आणि पुढचं सगळं मागं ढकलतं. तुला F12 पाहिजे. त्याने क्लिप बाईटच्या वरच्या ट्रॅकवर बसते आणि खालचं काही हलत नाही. काकांचं चित्र खालच्या V1 ट्रॅकवर आणि आवाज A1 वर अखंड राहू दे, व्हिज्युअल्स फक्त वरच्या V2 वर. आतापर्यंत फाटलेलं जोडत बसू नकोस, V1 पुन्हा नव्यानं लाव.

आता मुख्य गोष्ट. मी अकरा वर्षं बातम्यांच्या एडिटला होते. तिथं आम्हीही सुरुवातीला हेच करायचो, ‘पाणी’ म्हटलं की नळ आणि ‘शेतकरी’ म्हटलं की शेत. असं का होतं? तर आपण शब्द ऐकून चित्र शोधतो. वाक्य ऐकून शोधत नाही. कासरा शब्द आला आणि कासरा दिसला, तर बघणाऱ्याला नवीन काहीच मिळालं नाही. तेच दोनदा मिळालं, एकदा कानाला आणि एकदा डोळ्याला. वर एकेक सेकंदाची क्लिप, म्हणजे कासरा कसला आहे हे दिसायच्या आत दावं येतं.

तू एक कर. व्हिज्युअल्स सगळी बाजूला ठेव, स्क्रीन बंद कर आणि चार मिनिटांचं बोलणं फक्त कानानं जुळव. ते ऐकायला सलग लागलं पाहिजे. मग तो तुकडा कागदावर लिही आणि प्रत्येक वाक्यापुढं खूण कर की इथं काकांचा चेहरा बघावासा वाटतो की ते सांगताहेत ती गोष्ट. व्हिज्युअल्स दुसऱ्या खुणेवर. पहिल्या खुणेवर काही झालं तरी नाही.

तुझ्या तुकड्यातलं शेवटचं वाक्य घे. ‘ट्रॅक्टरला कोण झूल घालतंय.’ मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या आधी काका थांबलेत का? मला वाटतं थांबले असणार. बघून सांग.

मोंढ्याचा_पोरगा

शैलाताई, F12 नं झालं! एवढ्यासाठी दोन रात्री घालवल्या होत्या.

आणि हो, थांबलेत. ‘चार राहिल्या’ म्हणाले आणि खाली बघितलं. हातात एक गोंडा होता, तो बोटांत फिरवत राहिले. साधारण अडीच सेकंद. मग वर बघून ट्रॅक्टरचं बोलले. ती गॅप मला रिकामी वाटली म्हणून मी कापून टाकली होती आणि तो कट लपवायला वर ट्रॅक्टर टाकला होता.

शैला_एडिट_टेबल

ती गॅप परत आण. तिथं कट नसेल तर लपवायलाही काही नाही. ‘आमच्याच गावात’ पासून ‘घालतंय’ पर्यंत चेहराच ठेव, गोंड्यासकट.

मी हा तुकडा असा लावला असता. ‘वडील असताना’ ला चेहरा, म्हणजे कोण बोलतंय ते पक्कं होतं. ‘उभं राहायला जागा नव्हती’ म्हणतात तिथं आजचा गाळा दाखव. वाईड, छताच्या आकड्यांना लटकलेलं सामान आणि खाली कुणीच नाही. चारेक सेकंद. ते गर्दीचं बोलताहेत आणि आपल्याला मोकळी फरशी दिसते. नेटवरच्या बैलापेक्षा हे कितीतरी जास्त सांगतं, आणि ते त्यांच्याच दुकानातलं आहे.

‘वाख आणायचा, भिजवायचा, वळायचा’ हे काम आहे, तिथं वस्तू नको, हात पाहिजेत. एकच क्रिया तीन शॉटमध्ये घे. मांडीवर वाख वळणारा माणूस अर्ध्या अंगापर्यंत, मग पीळ बसताना बोटांचा क्लोज, मग वळून झालेली दोरी आकड्याला अडकवताना. ‘कासरा, दावं, वेसण, म्होरकी’ ला वेगळं काही नको. दोरी अडकवतानाचा शॉटच पुढं चालू दे, तिथं बाकीचं सामान लटकलेलं दिसेलच. ‘आता सगळं नायलॉन’ ला तराजूत पडलेलं नायलॉनचं रंगीत भेंडोळं. मग चेहऱ्यावर परत ये.

व्हिज्युअल कधी सुरू करायचं तेही महत्त्वाचं आहे. शब्दावर बरोब्बर टाकू नकोस. अर्धा सेकंद आधी आलं की डोळा तयार असतो आणि शब्द त्यावर येऊन बसतो. आणि बोलणं जिथं कापलंय, नेमकं त्याच फ्रेमवर व्हिज्युअल सुरू किंवा संपवू नकोस. तिथं आवाजाचा आणि चित्राचा झटका एकदम बसतो आणि कापल्याचं उलट जास्त कळतं. कटाच्या आधीपासून वर असू दे आणि वाक्य पुरं होईपर्यंत राहू दे.

@फ्रेम_टू_फ्रेम, जंप झाकायला व्हिज्युअल लागतं हे बरोबर आहे, पण प्रत्येक कटाला नाही. मुलाखत ४के मध्ये काढलेली असेल आणि टाइमलाइन १०८० ची असेल, तर दुसऱ्या तुकड्यावर चित्र २० टक्के मोठं करायचं. डोळे साधारण त्याच उंचीवर ठेवले की दुसरा कॅमेरा लावल्यासारखं वाटतं. चार मिनिटांत असे चार-पाच कट आरामात जातात. आणि चेहऱ्याला पाच सेकंदांची मर्यादा लग्नाच्या व्हिडिओला ठीक आहे, तिथं कुणी बोलत नसतं. काकांसारखा माणूस वीस सेकंदही बघवतो.

फ्रेम_टू_फ्रेम

मोठं करायचं डोक्यात नव्हतं आलं, करून बघतो. पण स्लो मोशनचं मी सोडत नाही. बोटांत पीळ बसताना स्लोमध्ये बघा, वाख कसा एकमेकांत जातो ते दिसतं. नेहमीच्या वेगात ते डोळ्यांतून सुटतं.

शैला_एडिट_टेबल

त्या एका शॉटला चालेल. सेकंदाला ५० फ्रेमनं काढ आणि २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगानं चालव. पण तराजू, गाळा, गिऱ्हाईक हे स्लोमध्ये नको. मोंढ्याचा एक वेग असतो. तो घालवला तर काका एका जगात बोलतात आणि दुकान दुसऱ्या जगात चालतं.

औंढ्याकडचा_शेतकरी

मी व्हिडिओवाला नाही, शेतकरी आहे. वर दोराच्या क्लोजअपचा फोटो टाकलाय म्हणून लिहायलोय. तो वाखाचा दोर नाहीच. तो नायलॉनचा आहे, मातीनं मळून पिवळा पडलाय एवढंच. वाखाच्या दोरीला बारीक कुसं असतात, उजेडाकडं धरली की लव उभी राहिल्यासारखी दिसते, आणि पीळ सगळीकडं सारखा नसतो. नायलॉनला पीळ यंत्राचा, एकसारखा, आणि चकाकी जात नाही. काका वाख म्हणायलेत आणि तुम्ही नायलॉन दाखवायलात. आमच्यातला कुणीही बघितलं की म्हणेल, ह्याला काही कळत नाही. मग काकांचंही कुणी खरं मानणार नाही.

मोंढ्याचा_पोरगा

दादा, हे तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्ता क्लिप मोठी करून बघितली, खरंच कुसं नाहीत. काकांना फोन केला तर म्हणाले दुकानात आता वाखाचं काहीच नाही, पण घरी माळ्यावर एक पेंडी आहे, वळून दाखवतो.

शैला_एडिट_टेबल

शेतकरी दादांचं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. व्हिज्युअल बोलण्याची साक्ष देतं. साक्षच खोटी निघाली तर मुळातलं खरं बोलणंही पडतं. प्रत्येक क्लिप काकांना दाखवून विचार, ‘हे तेच आहे ना?’

पैठणचा_विणकर

मग माझा प्रश्न आहे. काका आता वाख वळत नाहीत. व्हिडिओसाठी घरून पेंडी आणून वळून दाखवणार. ते बघून लोकांना वाटणार की दुकानात अजून हातानं वळतात. आमच्याकडं पैठणीच्या व्हिडिओत हे नेहमी होतं. पाहुण्यांना दाखवायला ठेवलेल्या मागावर कुणीतरी बसतं, आणि बोलणं चालू असतं दुकानात विकायला ठेवलेल्या मालाचं. तो माल कुठून आलाय हे कुणी विचारत नाही.

शैला_एडिट_टेबल

म्हणून तो शॉट ‘वळायचा’ ह्या भूतकाळाच्या वाक्यावर आहे, ‘सगळं हातचं’ च्या पुढं जात नाही, आणि लगेच ‘आता सगळं नायलॉन’ येतं. शिवाय घरच्या ओसरीवरच घ्या, दुकानात बसवून नको. मला तेवढं पुरेसं वाटतं.

पैठणचा_विणकर

मला नाही वाटत. फोनवर बघणारा अर्धं ऐकतो, चित्र लक्षात ठेवतो. मी असतो तर काकांना वळता वळता बोलायला लावलं असतं, ‘हे आता कुणी घेत नाही, तुला दाखवतो म्हणून वळतो.’ तो आवाज तसाच ठेवायचा.

मोंढ्याचा_पोरगा

हे दोन्ही पटतंय. दोन्ही काढून आणतो.

बालाघाट_बीड

माझा अनुभव सांगतो, उपयोगी पडला तर बघा. आमच्या चुलत्यांच्या किराणा दुकानाचा असाच व्हिडिओ केला होता. चुलते उधारीबद्दल बोलत होते म्हणून मी उधारीची वही उघडून तिच्यावरून कॅमेरा फिरवला. तीन सेकंदांचीच क्लिप होती. पण कुणीतरी व्हिडिओ थांबवून फोटो काढला आणि गावातल्या ग्रुपवर फिरवला. कुणाचे किती थकलेत ते नावासकट वाचता येत होतं. चुलत्यांना दोन घरी जाऊन हात जोडावे लागले. व्हिडिओ काढून टाकला, पण फोटो फिरतच राहिला. काकांच्या दुकानातही वही असेल. वही दाखवायचीच असेल तर बंद दाखवा, नाहीतर लिहिणारा हात मागून घ्या.

मोंढ्याचा_पोरगा

बाप रे. १७ पैकी दोन क्लिप्स वहीच्याच आहेत. एकीत नावं स्पष्ट दिसतात. दोन्ही काढून टाकतो.

आणखी एक. ट्यूबलाइटखाली काढलेल्या काही क्लिप्सवर काळसर पट्टे वरून खाली सरकतात. आणि गाळ्यात कॅमेरा फिरवलाय तिथं चित्र बारीक बारीक धक्के खातं. मुलाखतीत मात्र असं काही नाही.

शैला_एडिट_टेबल

मुलाखत २५ फ्रेमची आणि फोनच्या क्लिप्स ३० च्या, बरोबर? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. फोन स्वतःच्या मनानं शटर ठरवतो आणि ते लुकलुकण्याशी जुळलं नाही की पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० ला बांधून टाक. धक्के का, तर ३० ची क्लिप २५ मध्ये बसवताना दर सहावी फ्रेम गळते. कॅमेरा स्थिर असेल तर फारसं कळत नाही, फिरवला की कळतं.

पट्टे आलेल्या क्लिप्स पुन्हाच काढ, दुरुस्त करण्यात वेळ जाईल. फोनचा कॅमेरा २५ देत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं ॲप फुकट आहे, त्यात फ्रेम आणि शटर दोन्ही हातानं ठरवता येतात. ५० फ्रेमनं काढणार असशील तर शटर १/१०० ठेव. आणि कॅमेरा फिरवूच नकोस. टेकवून धर, प्रत्येक शॉट १० सेकंद मोजून घे. वापरशील तीन-चारच सेकंद, पण हात कुठं थांबतो, दोरी कुठं अडकते, ते निवडायला जागा पाहिजे.

जाशील तेव्हा गाळ्याचा नुसता आवाजही ३० सेकंद घे, कुणी न बोलता. बोलणं कापलंय त्या फटी त्यानं भरतात. क्लिपांचे मूळ आवाजही फेकू नकोस. घागरमाळेचा आवाज, तराजूचा ठोका बोलण्याच्या १५ ते २० डीबी खाली राहू दे. पूर्ण मुकी व्हिज्युअल्स टाकली की काका विहिरीतून बोलल्यासारखे वाटतात.

गोदाकाठ

माझं पहिलं उत्तर चुकीच्या गोष्टीवर होतं, माफ करा. पण एक देऊ शकतो. माझ्याकडं मागच्या पोळ्याचं आमच्या गावातलं शूटिंग आहे. खांदेमळणीपासून मिरवणुकीपर्यंत. नेटवरच्या फोटोपेक्षा बरं. पाठवू का?

औंढ्याकडचा_शेतकरी

तुमचं गाव कोणतं आणि काकांचं कोणतं? काका म्हणायलेत चार जोड्या राहिल्या. मिरवणुकीत पंचवीस जोड्या दिसल्या तर ते बोलणं खोटं पडेल.

गोदाकाठ

बरोबर आहे. आमच्याकडं अजून बऱ्याच आहेत.

मोंढ्याचा_पोरगा

काल जाऊन आलो. सांगतो काय झालं.

काका सकाळी घरी ओसरीवर बसले. वाखाची पेंडी आदल्या रात्रीच पाण्यात टाकून ठेवली होती. धोतर गुडघ्याच्या वर घेतलं, दोन पेढ मांडीवर ठेवले आणि तळव्यानं पुढं ढकलले. पुढं जाताना दोन्ही पेढांना वेगवेगळा पीळ बसतो आणि हात मागं घेतला की ते एकमेकांवर चढतात. हे मला दिसायलाच तिसऱ्या खेपेला लागलं. ५० फ्रेमनं काढलं, निम्म्या वेगानं बघितलं तर कुसं उडताना दिसतात. फ्रेमभाऊ, ह्या शॉटला तुमचं खरं ठरलं.

वळताना काका बोलले. विणकरदादा म्हणाले तसं मी विचारलं नव्हतं, स्वतःहूनच म्हणाले, «दोन वर्षं झाली हात लावला नव्हता. विसरला नाही बघ हात.» हे मी ठेवलंय. ते वाक्य क्लिपमध्येच असल्यामुळं दुकानात रोज वळतात असं आता वाटत नाही.

गाळ्याचा वाईड दुपारी घेतला. १० सेकंद मोजून धरला तेव्हा सातव्या सेकंदाला एक माणूस उंबऱ्यापर्यंत आला, आत बघितलं आणि गेला. तेच चार सेकंद वापरलेत.

‘आमच्याच गावात’ पासून शेवटपर्यंत चेहरा ठेवलाय, अडीच सेकंदांच्या गॅपसकट. त्यानंतर फळीवरच्या झुलींचा शॉट आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या, वर धूळ. नुसता गाळ्याचा आवाज, बाहेरून टेम्पोचा हॉर्न. आईला दाखवलं, तिनं परत लावायला सांगितलं.

आता अडलंय ते वेगळ्याच जागी. काका वडिलांबद्दल बोलतात तिथं भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो आहे. तो घेतला तर काचेत ट्यूबलाइट दिसते. आणि तो दाखवावा की नाही हेही कळेना, कारण काका बोलताना त्या फोटोकडं एकदाही बघत नाहीत.

शैला_एडिट_टेबल

ट्यूब बंद कर आणि दाराच्या उजेडात थोडं बाजूनं घे, काच साफ दिसेल. दाखवायचं की नाही हे मी इथून नाही सांगू शकत. वाईड शॉटमध्ये तो फोटो कोपऱ्यात येतोय का? आधी ते बघ.

मोंढ्याचा_पोरगा

येतोय. तराजूच्या मागं, अर्धा. उद्या दार पूर्ण उघडून तोच वाईड परत घेतो.